ऊस शोषक की स्रोत? कार्बनच्या हिशेबात चूक नेमकी कुठे होते

प्रश्न: पुस्तकात जंगल आणि समुद्र 'शोषक', तर कारखाने आणि गाड्या 'स्रोत' असा तक्ता दिलाय. पण झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, समुद्रही सोडतो. निसर्ग माणसाच्या वीसपट वायू सोडतो असंही वाचलं, मग दोष माणसाचाच कसा? आणि आमचा ऊस वर्षभर एवढा कार्बन ओढतो, तर तो शोषक धरायचा ना?

उत्तर:

तक्ता वस्तूंची नावं दोन रकान्यांत वाटून मोकळा होतो, घोळ तिथेच सुरू होतो. स्रोत किंवा शोषक असणं हा कुठल्याही वस्तूचा गुणधर्म नाही, तो हिशेबाचा निकाल आहे. एखाद्याला घेणं आहे की देणं, हे त्याचा चेहरा पाहून कळत नाही, वही उघडावी लागते. कार्बनची वही उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या. पहिली हद्द: आपण एक झाड मोजतोय, एक एकर, की अख्खा समुद्र? दुसरी मुदत: एक रात्र, एक हंगाम, की वीस वर्षं? हे ठरलं की त्या हद्दीतून त्या मुदतीत हवेत किती कार्बन गेला आणि हवेतून किती आत आला, यांची वजाबाकी करायची. शिल्लक हवेच्या बाजूला पडली तर स्रोत, हद्दीच्या आत राहिली तर शोषक. झाड रात्री श्वसन करतं म्हणून ते स्रोत ठरत नाही आणि दिवसा प्रकाशसंश्लेषण करतं म्हणून शोषकही ठरत नाही. वर्षाअखेर त्याच्या खोडात, मुळात, खालच्या मातीत कार्बन वाढला का, एवढंच बघायचं.

आणखी एक गल्लत आधीच दूर करू. साठा वेगळा, शोषक वेगळा. जुन्या, पूर्ण वाढलेल्या जंगलात प्रचंड कार्बन साठलेला असतो. पण जितका रोज आत येतो तितकाच पानं कुजून आणि श्वसनातून बाहेर जात असेल, तर ते जंगल मोठा साठा असूनही शोषक नसतं. ते तोडलं तर मात्र मोठा स्रोत होतं. त्याला वाचवायचं कारण साठा हे आहे, शोषण नव्हे.

आता वीसपटीचा मुद्दा. आकडा खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. जमिनीवरच्या वनस्पती दरवर्षी हवेतून साधारण १२० ते १४० अब्ज टन कार्बन ओढतात, आणि जवळपास तेवढाच श्वसन, कुजणं, वणवे यांतून परत येतो. समुद्राच्या पृष्ठभागावरून दोन्ही दिशांना सुमारे ८० अब्ज टनांची ये-जा असते. म्हणजे निसर्गाची 'सोड' २०० अब्ज टनांच्या घरात जाते. माणसाची २०१४ ते २०२३ या दशकातली सरासरी अशी: कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून वर्षाला सुमारे ९.७ अब्ज टन कार्बन, आणि जंगलतोडीसारख्या जमीनवापरातल्या बदलांतून सुमारे १.१. एकूण १०.८. विसाव्या भागाइतकं खरंच. पण निसर्ग २०० सोडतो तेव्हा २०० पेक्षा जास्त परत घेतो. आपण सोडतो आणि परत काही घेत नाही.

एक हौद डोळ्यांसमोर आणा. मोठ्या नळाने ताशी हजार लिटर पाणी येतं आणि मोठ्या तोटीने हजार लिटर जातं. पातळी वर्षानुवर्षं एकच. आता शेजारी कुणी ताशी पन्नास लिटरची बारीक नळी सोडली. पाणी चढायला लागलं, तर ते हजार लिटरच्या नळामुळे चढलं असं कुणी म्हणणार नाही.

हवेच्या हौदात पातळी किती चढतेय ते थेट मोजता येतं. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते, २०२४ मध्ये ते सुमारे ४२५ झाले. कारखानदारीच्या आधी हे प्रमाण २८० च्या आसपास होतं. दहा लाखांत एक भाग वाढणं म्हणजे हवेत २.१३ अब्ज टन कार्बनची भर. गेल्या दशकात हवेतला साठा वर्षाला सुमारे ५.२ अब्ज टनांनी वाढला, म्हणजे दरवर्षी जवळपास अडीच भाग. वेधशाळेचा आलेखही तेच दाखवतो. उरलेल्यातले सुमारे २.९ अब्ज टन समुद्राने घेतले आणि ३.२ जमिनीने.

बेरीज करून बघा: ५.२, २.९ आणि ३.२ मिळून ११.३ होतात, आणि आपण सोडले १०.८. हा फरक लपवायचा नाही. समुद्र आणि जमीन यांचे आकडे वेगवेगळ्या मोजण्यांतून आणि प्रतिमानांतून स्वतंत्रपणे काढले जातात. म्हणून वही तंतोतंत जुळत नाही आणि हा न जुळणारा भाग दरवर्षी उघडपणे छापला जातो. हिशेब हव्या त्या उत्तराला जुळवून घेतलेला नाही, याची ती खूण समजा.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात भक्कम उत्तर याच वजाबाकीत आहे. आपण १०.८ टाकले आणि हवेत वाढले जेमतेम ५.२. निसर्ग निव्वळ स्रोत असता, तर हवेतली वाढ आपल्या सोडण्यापेक्षा जास्त असती. ती निम्मीच आहे. म्हणजे निसर्ग आज निव्वळ शोषक आहे. हवेतला जादा कार्बन कुठून आला याचा वेगळा पुरावाही आहे. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं, त्यामुळे कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. झाडांच्या वर्षवलयांत, अणुचाचण्यांच्या आधीच्या काळातही, हा कार्बन-१४ पातळ होत गेलेला दिसतो. शिवाय हवेतला ऑक्सिजन अगदी थोडा, पण मोजता येईल इतका घटतोय. कोळसा, तेल जळताना ऑक्सिजन खर्च होतो, ज्वालामुखी किंवा समुद्र यांतून वायू नुसता बाहेर पडला तर होत नाही, त्यामुळे त्यांच्यावर ठपका ठेवता येत नाही.

उत्तरपत्रिकेत याच ठिकाणी एककाची चूक होते. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणून एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. वरचे १०.८ अब्ज टन कार्बन हे वायूच्या भाषेत सुमारे ४० अब्ज टन होतात. एका पुस्तकात ११ आणि दुसऱ्यात ४० दिसलं तर दोन्ही बरोबर असू शकतात. फक्त एकाच वजाबाकीत दोन्ही मिसळू नका.

या वहीचा उष्णतेशी संबंध कसा येतो ते इथेच बघू, कारण त्याशिवाय साठा आणि ओघ यांतला फरक पुरता उमगत नाही. सूर्याकडून पृथ्वीच्या दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॉट मिळतात. त्यातले सुमारे १०० ढग, बर्फ, वाळवंटं परत फेकतात, २४० शोषले जातात. तेवढेच २४० पृथ्वीने अवरक्त किरणांतून अवकाशात परत सोडले, तरच तापमान स्थिर राहतं. चौरस मीटरला २४० वॉट सोडणाऱ्या वस्तूचं तापमान असतं उणे १८ अंश सेल्सिअस. जमिनीजवळची सरासरी मात्र अधिक १५ अंशांच्या आसपास आहे. हा ३३ अंशांचा फरक म्हणजे हरितगृह परिणाम, आणि तो मुळात सजीवांच्या उपकाराचा आहे.

नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून हवेचा ९९ टक्के भाग होतो, पण त्यांचे दोन सारख्या अणूंचे रेणू अवरक्त किरणं जवळजवळ शोषत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा तीन अणूंचा रेणू वाकतो, थरथरतो आणि १५ मायक्रोमीटरच्या आसपासच्या लहरी पकडतो. पकडलेली ऊर्जा तो सगळ्या दिशांना परत सोडतो, काही खाली, काही वर. त्या लहरींत अवकाशाकडे शेवटी निसटणारे किरण जमिनीवरून थेट निघत नाहीत, ते वरच्या थंड थरातून निघतात. वायू वाढला की हा निसटण्याचा थर आणखी वर, आणखी थंड हवेत सरकतो. थंड थर कमी ऊर्जा सोडतो. आत येणारे २४० तसेच, बाहेर जाणारे कमी. फरक आत साठत जातो आणि खालची हवा, समुद्र तापतात. 'हवेत आधीच इतका वायू आहे की त्या लहरी सगळ्या शोषल्या जातात, आणखी टाकून काय फरक पडणार' असा आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याचं उत्तर याच वर सरकणाऱ्या थरात आहे. (पॉलिहाऊसची ऊब मुख्यतः तापलेली हवा वर निघून जात नाही म्हणून टिकते. वातावरणातली क्रिया वेगळी आहे. 'हरितगृह' हे नाव रूढ झालं म्हणून ठेवायचं, पण उत्तरात काचेची उपमा लांबवू नका.)

वाढलेला भार मोजायला एक सोपं सूत्र वापरतात:

ΔF = 5.35 × ln(C / C₀)

C म्हणजे हवेतलं आत्ताचं प्रमाण, C₀ म्हणजे कारखानदारीच्या आधीचं, आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. C₀ ला २८० आणि C ला ४२० घाला. उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे २.२ वॉट. प्रमाण दुप्पट झालं तर ३.७. या सूत्रात यंदा किती वायू सोडला हे कुठेच येत नाही, येतं ते हवेत आत्ता किती आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगाचं जीवाश्म इंधनाचं उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटलं, तरी हवेतलं प्रमाण त्या वर्षीही दोन भागांपेक्षा जास्त वाढलंच. नळ थोडा बारीक केला म्हणून हौदातली पातळी उतरत नाही.

आता समुद्र. 'समुद्र शोषक' हे वाक्य साऱ्या महासागरांच्या वार्षिक बेरजेला लागू आहे, प्रत्येक समुद्राला नाही. आपल्या दारातलाच अरबी समुद्र घ्या. तो वर्षाच्या हिशेबात हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे स्रोत आहे. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संशोधन नौकांवरून केलेल्या मोजण्यांतून हे चित्र स्पष्ट झालं. कारण मान्सूनमध्ये आहे. नैर्ऋत्येचे जोरदार वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरचं पृष्ठजल दूर लोटतात. त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. वरून पडलेले मृत जीव कुजत राहिल्यामुळे त्या पाण्यात विरघळलेला कार्बन भरपूर असतो. ते वर येऊन तापलं की वायू हवेकडे निघतो. समुद्र आणि हवा यांच्यातली दिशा ठरवायला दोन्हीकडचा कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब मोजतात. पाण्यातला दाब जास्त तर वायू वर, हवेतला जास्त तर वायू खाली, आणि वारा जितका जोरात तितकी अदलाबदल वेगात.

एक बारकावा इथे निसटतो. हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढल्यामुळे त्याचा हवेतला आंशिक दाबही वाढलाय, त्यामुळे असा नैसर्गिक स्रोत असलेला समुद्र पूर्वी सोडायचा त्यापेक्षा कमी वायू सोडतो. म्हणजे माणसाने टाकलेल्या जादा कार्बनपुरतं बोलायचं तर तोही शोषणाला हातभार लावतोय, निव्वळ ओघ मात्र अजून हवेकडेच आहे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, कारण वह्या दोन आहेत: एक एकूण ओघाची, दुसरी माणसामुळे झालेल्या बदलाची. प्रश्न कुठल्या वहीचा आहे ते ओळखून उत्तर लिहा.

आता तुमच्या उसाकडे येतो. एक एकर सुरू ऊस, एक वर्ष, उत्पादन ४० टन धरू. आकडे गोल केलेत, तुमच्या शेताचे घालून पुन्हा करा.

उसात सुमारे ७० टक्के पाणी असतं. म्हणजे ४० टनांत १२ टन कोरडा भाग. त्यात पाचट साधारण ४ टन मिळवा. कोरड्या भागात ढोबळमानाने ४४ टक्के कार्बन असतो, म्हणून १६ टनांत सुमारे ७ टन कार्बन. ३.६७ ने गुणलं की जवळपास २६ टन कार्बन डायऑक्साइड. एका एकराने, एका वर्षात! हा आकडा बघून ऊस शोषक वाटणं साहजिक आहे.

पण वही अजून उघडीच आहे. हा कार्बन जातो कुठे? ११ टक्के उताऱ्याने ४.४ टन साखर होते. साखरेत ४२ टक्के कार्बन, म्हणजे १.८५ टन. ती खाल्ली जाते आणि खाणाऱ्याच्या श्वासातून लवकरच हवेत जाते. बगॅस उसाच्या २८ टक्के, म्हणजे ११.२ टन, त्यात निम्मं पाणी. उरलेल्या ५.६ टनांत सुमारे २.६ टन कार्बन. तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो. मळीतला अर्धा टन इथेनॉल होऊन गाडीच्या इंजिनात किंवा गुरांच्या खाद्यात जातो. उरलेला थोडा कार्बन प्रेसमडमधून खत होऊन कुजतो. पाचट तुम्ही जाळलंत तर त्याच दिवशी, कुजवलंत तर बहुतेक एक-दोन वर्षांत हवेत. थोडक्यात २६ टन आत आले आणि मुदत दोन वर्षांची धरली तर जवळपास २६ टनच बाहेर गेले. पिकाची ये-जा अशी जुळून शून्य होते, म्हणूनच देशाच्या हरितगृह वायूंच्या हिशेबात बगॅस जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत. धुराड्यातून तो निघतो हे खरंच, पण त्याच उसाने तो आदल्या वर्षी हवेतूनच घेतला होता.

शून्यावर आलेल्या या वहीत आता बाहेरून आणलेल्या गोष्टी लिहा, कारण निकाल तिथे फिरतो.

नत्र एकरी १०० किलो धरू. मातीतले जिवाणू त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात. आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत साधारण १ टक्का धरतात, म्हणजे १ किलो नत्र. त्याचा वायू होतो १.५७ किलो (४४ भागिले २८). शंभर वर्षांच्या मुदतीत नायट्रस ऑक्साइड वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणून सुमारे ४३० किलो.

हेच नत्र युरियातून दिलं तर २१७ किलो युरिया लागतो. युरियाच्या रेणूत कार्बनही असतो. तो नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवताना निघालेला, म्हणजे जीवाश्म कार्बन. मातीत युरिया फुटला की तो मोकळा होतो. टनाला २०० किलो कार्बन या हिशेबाने सुमारे १६० किलो कार्बन डायऑक्साइड. शेतातून निघाला म्हणून याला 'नैसर्गिक' समजू नका. वायू कुठून निघाला याने प्रश्न सुटत नाही, त्यातला कार्बन आधी कुठे होता हे विचारावं लागतं.

विहिरीवरचा पंप वर्षभरात १,००० युनिट वीज घेतो असं समजा. आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाची, युनिटला सुमारे ०.७ किलो. झाले ७०० किलो. ट्रॅक्टरला ४० लिटर डिझेल, लिटरला २.७ किलो, म्हणजे जवळपास ११० किलो.

बेरीज १,४०० किलो. हवेतून २६ टन ओढणारं शेत वर्षाअखेर १.४ टनांचा स्रोत ठरतं. खत बनवताना आणि ऊस वाहून नेताना जळालेलं इंधन यात धरलेलं नाही, कारण आपण बांधाच्या आत वापरलेलं खत, वीज आणि डिझेल एवढंच मोजतोय. हद्द वाढवाल तर तेही लिहा, पण मग सगळंच लिहा. बगॅसच्या विजेमुळे कोळसा वाचला हा मुद्दाही बरोबर आहे, फक्त त्याची नोंद 'टाळलेलं उत्सर्जन' या वेगळ्या रकान्यात होते. न घेतलेलं कर्ज म्हणजे जमा रक्कम नव्हे. शिवाय तो वाचलेला कोळसा कारखान्याने आपल्या वहीत लिहिला असेल, तर तुम्ही पुन्हा लिहिलात की एकच टन दोनदा मोजला जातो.

पाचटाचं काय करता यावर मात्र तुमचा निकाल खरोखर हलतो. ४ टन पाचट पेटवलं तर सगळं जळत नाही, साधारण ८० टक्के जळतं. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वर म्हटल्याप्रमाणे फिरता, पण अर्धवट जळण्यातून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतात. ते मिळून ३०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे भरतात. म्हणजे शेत १.७ टनांवर गेलं. तेच पाचट खोडव्यात सरीत पसरून कुजवलं आणि त्यातल्या १.७ टन कार्बनपैकी दहावा हिस्सा ह्यूमस होऊन मातीत टिकला असं समजलं, तर ०.१७ टन कार्बन, म्हणजे ०.६ टन कार्बन डायऑक्साइड जमेला आला. शेत ०.८ टनांवर येतं. अजून स्रोतच, पण पेटवणाऱ्याच्या निम्म्यावर. कुजवताना पाचटावर थोडा युरिया टाकायला सांगतात, शिफारस टनाला ८ किलोच्या आसपास असते. पाचटात कार्बनच्या मानाने नत्र फार कमी असतं. युरिया न दिल्यास जिवाणू कुजवण्यासाठी मातीतलं नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. त्या युरियाचा भार शंभर किलोच्या आतच राहतो.

आता मातीत कार्बन वाढला हे सिद्ध कसं करायचं? एका एकराची ३० सेंटिमीटर खोलीची माती, घनता १.३ धरली तर, जवळपास १,५८० टन भरते. म्हणून सेंद्रिय कर्ब ०.५ वरून ०.६ टक्के होणं म्हणजे १.६ टन कार्बनची भर. आपण वर धरलेली वाढ वर्षाला ०.१७ टन, म्हणजे टक्केवारीत फक्त ०.०१. प्रयोगशाळेच्या दोन चाचण्यांत, एकाच शेतातल्या दोन जागांत याहून कितीतरी मोठा फरक सहज येतो. त्यामुळे एका वर्षाच्या माती परीक्षणावरून 'शेत शोषक झालं' असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. त्याच जागी, त्याच खोलीवर, त्याच महिन्यात, आठ-दहा वर्षांच्या अंतराने घेतलेले नमुने हवेत.

आपल्या काळ्या जमिनीत एक जादा सापळा आहे: चुनखडी. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तिच्यातही कार्बन आहे, पण तो पाचटातून आलेला नाही. माती जाळून एकूण कार्बन मोजणाऱ्या यंत्रात दोन्ही मिसळून येतात आणि आकडा फुगतो. नमुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, आणि आम्लाने ती काढून किंवा वेगळी मोजून वजा केल्याशिवाय तो आकडा वापरू नका. नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत चुनखडी येत नाही, पण ती सेंद्रिय कार्बनचा सुमारे तीन चतुर्थांश भागच पकडते आणि उरलेल्यासाठी १.३ च्या आसपासचा गुणक लावते. म्हणून पहिलं परीक्षण एका पद्धतीने आणि पुढचं दुसऱ्या पद्धतीने केलं, तर मधला फरक मातीचा नसून पद्धतीचा असू शकतो. घनताही दर वेळी मोजावी लागते. पाचटाने माती भुसभुशीत झाली की तेवढ्याच ३० सेंटिमीटरमध्ये कमी माती मावते, आणि काहीही न घटता साठा घटल्यासारखा दिसतो. जुनीच घनता वापरून गुणलं तर उलट चूक होते.

ही वाढ कायम चालतही नाही. काही वर्षांनी कुजणं आणि भर यांचा तोल जमतो आणि शोषण थांबतं, साठा तेवढा उरतो. पुढे पाचट पुन्हा पेटवू लागलात आणि खोल नांगरटी केल्या, तर तोच साठा हळूहळू हवेत परततो. मोठ्या प्रमाणावर अॅमेझॉनमध्ये असंच दिसलं: विमानांतून हवेचे नमुने घेऊन केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तोड आणि आगी जास्त असलेला त्याचा आग्नेय भाग निव्वळ स्रोत झालेला आढळला. पुस्तकातलं 'अॅमेझॉन शोषक' हे वाक्य आता भाग आणि वर्ष सांगितल्याशिवाय लिहिता येत नाही.

शेवटी गोठा, कारण कार्बनचं गणित शून्य आणि उष्णतेचं मात्र नाही, असं तिथे होतं. गाय चारा खाते, चाऱ्यातला कार्बन हवेतलाच. पण तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्यातल्या थोड्या भागाचा मिथेन करतात, वर्षाला एका गायीमागे ५० किलो धरा. त्यात कार्बन फक्त साडेसदतीस किलो. तो कार्बन डायऑक्साइड म्हणून परत गेला असता तर १३७ किलो वायू झाला असता आणि वही जुळली असती. मिथेन म्हणून गेला तेव्हा शंभर वर्षांच्या मुदतीत तो २७ पट धरतात, म्हणजे १,३५० किलोच्या तोडीचा. कार्बनचे अणू तेवढेच, रेणू बदलला.

मिथेनचा शोषकही वेगळा आहे. झाडं प्रकाशसंश्लेषणात त्याला घेत नाहीत, समुद्रही विशेष नाही. हवेतला हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय क्रियाशील मूलकच त्याचा बहुतेक भाग मोडतो, आणि एक रेणू साधारण दहा-बारा वर्षं टिकतो. म्हणून गोठ्यातली जनावरं वर्षानुवर्षं तेवढीच राहिली, तर त्यांचा हवेतला मिथेनही एका पातळीवर थांबतो. कळप वाढला की पातळी वर, घटला की दशकभरात खाली. कोळशाच्या कार्बन डायऑक्साइडचं असं होत नाही, त्याचा काही भाग हजारो वर्षं हवेत राहतो. 'एवढ्या पट' हा एकच गुणक दोघांना लावताना हा फरक झाकला जातो, त्यामुळे मुदत शंभर वर्षांची की वीस, हे आकड्याशेजारी लिहाच. वीस वर्षांची धरली तर मिथेनचा गुणक ८० च्या आसपास जातो.

गोबरगॅसच्या टाकीलाही हेच लागू. शेणातला मिथेन शेगडीत जळला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, वही जुळते, वर सिलिंडरचा गॅस वाचतो. पण घुमटाला तडा असेल, नळीचा जोड सैल असेल किंवा गॅस वापरला न जाता आउटलेटच्या बाजूने बुडबुडत असेल, तर हवाबंद टाकीत मुद्दाम जास्त मिथेन बनवून आपण तो थेट हवेत सोडतोय. उघड्या उकिरड्यापेक्षा ते वाईट. जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा. फुगे आले तर ती टाकी तुमच्या तक्त्यात स्रोताच्या रकान्यात लिहा, आणि जोड घट्ट करून पुन्हा तपासल्यावरच तिथून काढा.